पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी आहार योजना : जुलै ते नोव्हेंबर

ही योजना भांडुपमधील एका 21 वर्षांच्या उमेदवारासाठी, त्याच्याशी आणि त्याच्या आईंशी सविस्तर बोलून तयार केली आहे. तिची एक प्रत घरी स्वयंपाकघरात लावावी आणि दुसरी व्यायामशाळेतील प्रशिक्षकांना द्यावी.

तुमची उंची 170 सें.मी. आणि वजन 56 किलो आहे, न फुगवलेली छाती 78.5 सें.मी. भरते आणि रक्ततपासणीत हिमोग्लोबिन 11.8 आले आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांची छाती न फुगवता किमान 79 सें.मी. असावी लागते आणि फुगवल्यावर ती 5 सें.मी.ने वाढावी लागते. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि 7.260 किलोच्या गोळाफेकीला 15 गुण आहेत. म्हणजे तुम्हाला दम, वेग आणि अंगातली ताकद या तिन्ही गोष्टी एकाच शरीरात हव्या आहेत आणि त्यासाठी पाच महिन्यांत वजन सावकाश 60 किलोपर्यंत नेणे, हे आपले उद्दिष्ट आहे. त्याहून जास्त वजन वाढवण्याची घाई करू नये, कारण अंगावर चढलेला प्रत्येक अनावश्यक किलो 1600 मीटरभर तुम्हालाच वाहून न्यावा लागेल. पुढे अग्निवीरचा अर्ज भरण्याचा विचार आहे असे तुम्ही म्हणालात. तिथे बारवर स्वतःचे वजन उचलावे लागत असल्यामुळे हाच हिशेब आणखी काटेकोरपणे लागू पडतो.

तुमच्या आताच्या खाण्यात मला सर्वांत मोठी अडचण दिसली ती वेळेची. पहाटे साडेपाचला तुम्ही अनशापोटी धावता, त्यानंतर चहा-बिस्किटांवर अकरापर्यंत काढता, दुपारी घाईने थोडे जेवता आणि गोदामातील पाळी संपवून रात्री साडेदहाला दिवसभराची भूक एकदम भागवता. दिवसाचा सर्वांत कठीण व्यायाम सकाळी आणि सर्वांत मोठे जेवण झोपेच्या आधी, अशी ही उलटी रचना आहे. महागड्या पावडरींनी ती सुलटी होणार नाही. दिवसाचे निम्म्याहून जास्त अन्न दुपारी तीनच्या आत पोटात गेले पाहिजे, या एका सूत्राभोवती पुढची सगळी मांडणी केली आहे.

रोजचा क्रम

उठल्यावर एक पेला पाणी आणि धावण्याच्या साधारण अर्धा तास आधी एक केळे किंवा तीन-चार खजूर घ्यावेत. सुरुवातीला पोट जड वाटले तर अर्ध्या केळ्यापासून सुरू करावे, आठवड्याभरात सवय होते. पहाटेचा चहा नाश्त्यानंतर तासाभराने घेतला तरी चालतो. मात्र तो नाश्त्याबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो आणि तुमच्या हिमोग्लोबिनला हे नुकसान परवडणारे नाही. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर राखावे.

धावून आल्यावर पाऊण तासाच्या आत पोटभर नाश्ता व्हायला हवा. दोन उकडलेली अंडी आणि तीन पोळ्या, किंवा मोड आलेली मटकी घातलेले दोन वाट्या पोहे, किंवा दोन मोठ्या नाचणीच्या भाकऱ्या आणि रात्रीची उसळ, आणि यांतल्या कशाही बरोबर पाव लिटर दूध, असा आळीपाळीने बेत ठेवावा. पोह्यांवर लिंबू मुक्तहस्ते पिळावे; त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात अधिक शोषले जाते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते आणि रोजच्या धावण्याने नडगीच्या हाडांवर ताण येणाऱ्या मुलांसाठी ती मला फार मोलाची वाटते.

व्यायामशाळेच्या तीन दिवशी अकराच्या सुमारास मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाऊन मग जोर, बैठका आणि वजने घ्यावीत. दुपारचे जेवण दीडच्या आत आणि निवांत बसून घ्यावे : चार पोळ्या, घट्ट वरण, एक मोठी वाटी कडधान्याची उसळ, पालेभाजी, दीड वाटी भात आणि वाटीभर दही. वरण पातळ असेल तर त्यातून फारसे काही मिळत नाही, म्हणून आईंना विनंती की तुमच्या वाट्याचे वरण तळाशी बसलेले, दाट वाढावे.

कामावर जाताना डब्यात 50 ग्रॅम भाजलेले चणे आणि एखादे फळ न्यावे आणि ते सहाच्या सुमारास खावे. गोदामाबाहेरच्या गाडीवरचा वडापाव मी बंद करायला सांगत नाही. आठवड्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर अवश्य खावा. मात्र चण्यांच्या जागी रोज वडापाव आला तर पोट भरते आणि स्नायूंना लागणारी प्रथिने राहून जातात. रात्री घरी आल्यावर दोन वाट्या भात किंवा तीन पोळ्या, भाजी, आणि मासे, चिकन, पनीर किंवा सोयाबीन वड्या यांपैकी एक, इतके जेवण पुरे. सकाळी नीट खाल्ले असेल तर रात्रीची ती जीवघेणी भूक आपोआप कमी झालेली दिसेल. निदान सात तास झोप मिळेल असे पाहावे, कारण खाल्लेल्या अन्नातून स्नायूंची दुरुस्ती होते ती मोठ्या प्रमाणात झोपेतच.

तुम्हाला दिवसाला सुमारे 90 ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून साधारण 6, पाव लिटर दुधातून 8, 50 ग्रॅम चण्यांतून 10, 30 ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांतून 15 आणि 100 ग्रॅम बांगड्यातून 20 ग्रॅम मिळतात. उरलेली पोळी, वरण, उसळ आणि दही यांतून भरून निघतात. व्यायामशाळेत तुम्हाला सुचवलेला प्रोटीन पावडरचा डबा त्यामुळे घेण्याची गरज नाही. तेवढ्या पैशांत अंडी, दूध आणि फळे घ्यावीत.

जुलै आणि ऑगस्ट

या दोन महिन्यांत पाया घालायचा आहे. हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी सांगितल्याप्रमाणेच घ्याव्यात, दूध किंवा चहाबरोबर घेऊ नयेत, आणि ऑगस्टअखेर तपासणी पुन्हा करून तिचा कागद मला दाखवावा. पुरुषांमध्ये 13च्या खालचे हिमोग्लोबिन कमी मानले जाते आणि तेवढ्यानेही शेवटच्या 400 मीटरमध्ये दम तुटतो. हा दम केवळ जास्त धावून वाढणार नाही.

राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे जुलैत ताजा बांगडा महाग आणि कमी मिळेल. त्या काळात सुकट किंवा सुके बोंबील चालतील, मात्र ते नीट भिजवून, धुऊन, मीठ काढून घ्यावेत. तुमच्या घरी श्रावणात मांसाहार आणि अंडी बंद असतात, असे आईंनी सांगितले. ती रीत मोडण्याची काहीच गरज नाही. महिनाभर सोयाबीन वड्या, मटकी, चवळी, पनीर आणि दूध-दही यांचे प्रमाण वाढवले की भरपाई होते. श्रावणी सोमवारच्या उपवासाला नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन भागवू नये. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, रताळी, दूध आणि केळी असा बेत असावा, आणि प्रशिक्षकांनी त्या दिवशी वेगाचे धावणे न ठेवता हलका सराव ठेवावा.

पावसाळ्यात कापून ठेवलेली फळे, पाणीपुरी आणि उघड्यावरचे सरबत पूर्ण टाळावे, कारण जुलाबाचे चार दिवस महिन्याभराची मेहनत मागे नेतात. जुलाब झालेच तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात मिसळून घ्यावी. ताप असताना धावू नये. या मोसमात मुंबईत डेंग्यू आणि लेप्टो दोन्ही असतात, म्हणून ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावे.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर

आता धावण्याचा वेग आणि व्यायामशाळेतील वजने वाढतील, म्हणून नाश्त्यात एक पोळी आणि दुपारच्या भातात अर्धी वाटी वाढवावी. दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन करावे. महिन्याला पाऊण ते एक किलो वाढ योग्य आहे. सलग दोन आठवडे वजन हलले नाही तर रोज एक केळे आणि मूठभर शेंगदाणे वाढवावेत, आणि दीड किलोहून जास्त वाढले तर रात्रीचा भात थोडा कमी करावा.

ऑक्टोबरचा दमट उकाडा पाण्याच्या बाबतीत सर्वांत कठीण असतो. धावण्याच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे, जितके घटले असेल त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत थोडे थोडे प्यावे, आणि चिमूटभर मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत घ्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास या वर्षी धरू नये, अशी तुम्हाला आणि आईंना माझी कळकळीची विनंती आहे. या दिवसांत सराव सर्वांत तीव्र असेल आणि अर्धपोटी शरीर तेव्हा स्वतःचेच स्नायू वापरू लागते. उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवास केला तर हरकत नाही.

नोव्हेंबर आणि चाचणीचा दिवस

दिवाळीचा फराळ जेवणानंतर थोडा खावा, जेवणाऐवजी खाऊ नये. भरतीची तारीख पुढे-मागे होऊ शकते. तशी झाली तर ऑक्टोबरचा क्रम तसाच चालू ठेवावा आणि फक्त शेवटच्या आठवड्याचे नियम नव्या तारखेनुसार लावावेत. त्या आठवड्यात कोणताही नवा पदार्थ खाऊ नये. आदल्या रात्री वरण-भात, थोडी भाजी आणि दही असे साधे जेवण आठच्या आत घ्यावे, म्हणजे त्या दिवशी कामावरून सुट्टी घ्यावी लागेल, ती आधीच सांगून ठेवावी.

मैदानावर पहाटे बोलावतात आणि कागदपत्रे, उंची, छाती यांत काही तास जातात, हे गृहीत धरूनच खाण्याची आखणी करावी. घरून निघताना दोन पोळ्या गुळाबरोबर किंवा दोन केळी खावीत. पिशवीत आणखी दोन केळी, खजूर, राजगिऱ्याचे दोन लाडू आणि एक लिटर पाणी असावे, आणि रांगेत दर तासाने थोडेसे खात राहावे. धावण्याच्या आधीच्या पाऊण तासात घोट-घोट पाण्याखेरीज काही घेऊ नये. दोन चाचण्यांच्या मध्ये वेळ मिळाला तर एक-दोन खजूर पुरेसे आहेत.

दम वाढवणारी म्हणून दिली जाणारी कोणतीही गोळी किंवा इंजेक्शन, एनर्जी ड्रिंक, आणि दुखू नये म्हणून आधीच घेतलेली वेदनाशामक गोळी यांपैकी काहीही घेऊ नये, देणारा कितीही जवळचा असला तरी. उन्हात जोर लावून धावताना हृदय आणि मूत्रपिंडावर त्यांचा घातक परिणाम होऊ शकतो. सरावात किंवा मैदानावर छातीत दुखले, अंधारी आली किंवा घाम अचानक थांबला तर तिथेच थांबावे आणि लगेच वैद्यकीय पथकाला सांगावे.

पहिली भेट ऑगस्टअखेरच्या रक्ततपासणीनंतर ठेवू. येताना रविवारच्या वजनांची वही आणि एका आठवड्याचे, जसे खाल्ले तसे लिहिलेले खाणे घेऊन यावे.