"नमस्कार, मदत हवी होती"

रात्री साडेअकराला अभ्यासिकेच्या मदत क्रमांकावर झालेलं बोलणं

मुलगा: नमस्कार. मदत हवी होती.

ताई: नमस्कार. बरं झालं कळवलंत. आज हा फोन माझ्याकडे आहे, मी अभ्यासिकेतली ताई. आत्ता कुठे आहात? तब्येत बरी आहे ना?

मुलगा: रूमवर. बरा आहे.

ताई: मग निवांत बोलू. अरे-तुरे केलं तर चालेल ना? एका शब्दात सांगितलंस तरी पुरे. अभ्यासाचं आहे, घरचं, पैशाचं, की कुणी त्रास देतंय?

मुलगा: पैशाचं. त्रासही आहे.

ताई: बरं. आकडा नंतर सांग. त्रास देणारे ओळखीचे आहेत का?

मुलगा: नाही. मेसचे पैसे थकले होते म्हणून ॲपवरून कर्ज घेतलं. सांगायलाही लाज वाटते.

ताई: जेवणाचे पैसे भागवायला कर्ज काढलंस, त्यात लाज कसली रे? काय म्हणतात ते लोक?

मुलगा: (बऱ्याच वेळाने) माझा फोटो घाणेरडा करून पाठवलाय. फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेलेत. सकाळी आईला पाठवणार म्हणतात.

ताई: फोटो खोटा आहे. गुन्हा त्यांचा आहे, तुझा नाही. आता एक विचारते, खरं सांग, मी रागावणार नाही. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?

मुलगा: काल आलं होतं. आज नाही.

ताई: सांगितलंस, फार बरं केलंस. पुन्हा तसं वाटलं तर कितीही वाजले असोत, मला फोन कर. मी नाही उचलला तर १४४१६ लाव, टेलि-मानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर रात्रीही माणसं असतात. खोलीत सोबत कोण आहे?

मुलगा: रूममेट. झोपलाय. त्याला माहीत नाही.

ताई: उठवशील त्याला? सगळं सांगायची गरज नाही. "आज जरा माझ्यासोबत जागा राहा" एवढंच म्हण.

मुलगा: बघतो.

ताई: किती घेतले होतेस? किती भरलेस?

मुलगा: चार हजार घेतले. सात भरले, तरी बाकी दाखवतात.

ताई: आता एक रुपयाही भरू नकोस, मागणी थांबत नाही. खऱ्या वसुलीवाल्यांनाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमक्यांचे मेसेज पुसलेस का?

मुलगा: नाही.

ताई: छान. त्यांचे, ॲपचे आणि भरलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट काढ. ॲप त्यानंतरच काढून टाक. मग सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन कर, cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदव. अर्ज भरताना मी फोनवर थांबते. आईला तू सांगशील, की मी बोलू?

मुलगा: तुम्ही लाईनवर असाल तर मीच सांगतो. आज की उद्या?

ताई: त्यांनी पाठवायच्या आधी तुझ्या तोंडून कळलेलं बरं. सकाळी सहाला लावू. रूममेट उठला का?