श्रीराम मंदिर देवस्थान : सन २०२६-२७ चे अंदाजपत्रक

(विश्वस्त मंडळ व ग्रामस्थांच्या ८ फेब्रुवारी २०२६ च्या सभेपुढे खजिनदारांनी सादर केलेले निवेदन)

सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त बंधू-भगिनी आणि ग्रामस्थ मंडळी,

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३१-अ प्रमाणे नवे हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागते. २८ फेब्रुवारीला शनिवार आहे, म्हणून शुक्रवारी २७ तारखेलाच आपले कागद साताऱ्याला पोहोचले पाहिजेत. चालू वर्षाचे आकडे जानेवारीअखेरचा प्रत्यक्ष हिशेब आणि उरलेल्या दोन महिन्यांचा अंदाज मिळून धरले आहेत.

आकडे वाचण्याआधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ या वर्षात रामनवमीच येत नाही. आपला उत्सव तिथीने चालतो आणि हिशेब तारखेने. गेल्या वर्षीची रामनवमी ६ एप्रिल २०२५ ला झाली. यंदाची या मार्चअखेर आहे. म्हणजे चालू वर्षात रामनवमी दोनदा आली. मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला आणि रामनवमी १५ एप्रिल २०२७ ला आहे. चालू वर्षाचे उत्पन्न फुगलेले आणि येत्या वर्षाचे रोडावलेले दिसते, त्याचे मुख्य कारण हेच.

जमा बाजू (रुपये)

| बाब | २०२५-२६ सुधारित | २०२६-२७ अंदाज |
|---|---|---|
| दानपेटी | १४,६०,००० | १२,१०,००० |
| क्यूआर कोड व बँकेत थेट जमा | ४,२०,००० | ५,००,००० |
| अभिषेक, पूजा यांच्या पावत्या | ३,१५,००० | ३,९०,००० |
| रामनवमी वर्गणी | ७,८०,००० | निरंक |
| अन्नदान देणगी | २,४०,००० | ३,३०,००० |
| गाळे भाडे | १,८०,००० | १,९८,००० |
| शेतीचा खंड | ६४,००० | ६४,००० |
| ठेवींवरील व्याज | १,७१,००० | १,७८,००० |
| साड्या, खण, नारळ लिलाव | ९०,००० | ६०,००० |
| एकूण | ३७,२०,००० | २९,३०,००० |

दानपेटीचा अंदाज असा काढला आहे. रामनवरात्राच्या दिवसांत पेटीत साधारण एक लाख साठ हजार पडतात. चालू वर्षातली दोन नवरात्रे वजा केली की तीन लाख वीस हजार कमी होतात. १७ मे ते १५ जून अधिक महिना आहे. २०२३ च्या अधिक श्रावणातला अनुभव पाहून त्यापोटी सत्तर हजार वाढवले. अधिक महिन्यात लोक दीपदान करतात, तेहतीस अनारशांचे वाण देतात, अभिषेक सांगतात. पावत्या आणि अन्नदान देणगीचे आकडे त्याच भरवशावर चढे धरले आहेत.

पेटी महिन्यातून एकदाच उघडावी, आणि तेव्हा दोन विश्वस्त, बँकेचा माणूस आणि दोन ग्रामस्थ हजर असावेत, ही शिस्त यापुढेही तशीच राहील. सभामंडपात सतरंजी टाकून मोजायला बसलो की पहिला तास हळदीकुंकवाने माखलेल्या, चिकटलेल्या नोटा सोडवण्यातच जातो. तसल्या नोटा मोजणी यंत्र बाहेर टाकते, त्या हातानेच मोजाव्या लागतात. मोजदाद झाली की त्याच दिवशी पंचनाम्यावर सह्या होतात आणि दुसऱ्या कामाच्या दिवशी भरणा. पेटीतले पैसे परस्पर खर्चाला काढायचे नाहीत, अगदी फुलवाल्याचे द्यायचे असले तरी नाहीत.

क्यूआरबद्दल एक कटू अनुभव सांगायलाच हवा. गेल्या श्रावणात उत्तर दरवाजाच्या फलकावर कोणीतरी दुसराच स्टिकर चिकटवला होता. एका भाविकाने पैसे पाठवताना वेगळे नाव पाहिले आणि विचारले, म्हणून ते उघड झाले. तोवर दोन दिवसांचे दान गेले होते. आता फलक काचेआड आहे आणि काकडआरतीनंतर गुरव रोज एक रुपया पाठवून खाते तपासतात. हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे, त्यांचे आभार मानतो.

गाळ्यांचे भाडे दरमहा अडीच हजारांवरून पावणेतीन हजार केले आहे. सहाही गाळेधारकांशी बोलणे झाले आहे. शिधा म्हणून येणारे गहू, तांदूळ, ज्वारी रोख हिशेबात धरलेले नाहीत. त्यांची वेगळी वही आहे, ती सभेत पाहायला ठेवली आहे.

खर्च बाजू (रुपये)

| बाब | २०२५-२६ सुधारित | २०२६-२७ अंदाज |
|---|---|---|
| नित्यपूजा, नैवेद्य, दिवाबत्ती | ३,०५,००० | ३,२५,००० |
| गुरव, सेवक, कारकून यांचे मानधन | ६,००,००० | ६,४८,००० |
| वीज, पाणी, स्वच्छता, विमा | २,०२,००० | २,१०,००० |
| इमारत दुरुस्ती | १,५०,००० | २,४०,००० |
| कार्यालय व हिशेब तपासणी | ७८,००० | ८५,००० |
| उत्सव | १३,४०,००० | ३,१०,००० |
| एकादशी व दिंडी अन्नदान | २,३०,००० | २,६०,००० |
| डबा योजना | २,९६,००० | ४,२१,००० |
| विद्यार्थी मदत | ९०,००० | १,२०,००० |
| वैद्यकीय मदत | १,००,००० | १,२०,००० |
| एकूण खर्च | ३३,९१,००० | २७,३९,००० |
| शिल्लक, रामनवमी राखीव निधीत | ३,२९,००० | १,९१,००० |

चालू वर्षाच्या उत्सव खर्चात दोन रामनवम्यांचे मिळून साडेदहा लाख आहेत. गेल्या एप्रिलचे पाच लाख, येत्या मार्चचे साडेपाच. वर्गणी अनुक्रमे तीन लाख सत्तर हजार आणि चार लाख दहा हजार. म्हणजे प्रत्येक उत्सवात सव्वा-दीड लाखाची तूट पडते आणि ती दानपेटीतून भरून निघते. एप्रिल २०२७ चा उत्सव मंडप, आचारी, कीर्तनकारांची बिदागी आणि वीज धरून पाच लाख ऐंशी हजारांवर जाईल. मंडपवाला आणि आचारी मार्चमध्येच विसार मागतात.

हे असे आधीही घडले आहे. २०२२-२३ मध्ये रामनवमी १० एप्रिलला आली आणि पुन्हा ३० मार्चला. वर्षअखेर शिल्लक बरी दिसली, सगळ्यांना हुरूप आला आणि आपण प्रवेशद्वाराची रोषणाई व ध्वनियंत्रणा घेऊन मोकळे झालो. २०२३-२४ मध्ये रामनवमी नव्हती. १७ एप्रिल २०२४ चा उत्सव तोंडावर आला तेव्हा हात रिकामे. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाला कर्ज काढता येत नाही, म्हणून ठेव मुदतीआधी मोडावी लागली आणि व्याजावर पाणी सोडावे लागले. त्या ठरावावर माझीही सही आहे. तेव्हा पंचांग आणि खातेवही शेजारी ठेवून पाहिली असती, तर ही वेळ आली नसती.

म्हणून या वेळी दोन्ही वर्षांची शिल्लक, तीन लाख एकोणतीस हजार आणि एक लाख एक्क्याण्णव हजार, मिळून पाच लाख वीस हजार रुपये रामनवमीसाठी वेगळे बांधून ठेवावेत अशी माझी सूचना आहे. मार्च २०२७ मध्ये गोळा होणारी वर्गणीही उत्पन्नात न धरता त्याच निधीत जमा दाखवावी. आयकराच्या दृष्टीने अडचण येत नाही. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के धार्मिक व धर्मादाय कामी लागले पाहिजेत, हा नियम १ एप्रिलपासून येणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही आहे. आपला येत्या वर्षाचा खर्च उत्पन्नाच्या ९३ टक्क्यांवर जातो.

येत्या वर्षाच्या उत्सव खर्चात २ एप्रिलच्या हनुमान जयंतीला एक लाख चाळीस हजार, गोकुळाष्टमी व दसऱ्याला साठ हजार, कार्तिक काकडा व त्रिपुरी पौर्णिमेला पंचाहत्तर हजार आणि दासनवमीला पस्तीस हजार धरले आहेत. दुरुस्तीत सभामंडपाच्या पत्र्याचे काम आहे. ते पावसाळ्याआधी झालेच पाहिजे.

आता डबा योजना. उत्पन्न आठ लाखांनी घटत असताना हा खर्च सव्वा लाखाने कसा वाढवता, असे दोन विश्वस्तांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. सध्या गावातल्या अठरा एकट्या वृद्धांना दुपारचा डबा जातो. आणखी सहा नावे दिवाळीपासून थांबली आहेत. चोवीस जण, दर डबा ४८ रुपये, ३६५ दिवस, असा हिशेब ४,२०,४८० रुपये होतो. दर ४५ वरून ४८ केला तो एका जास्तीच्या भाकरीसाठी. डबा पोहोचवणाऱ्या मुलाबरोबर मी जानेवारीत चार दिवस फिरलो. खालच्या आळीतल्या एका आजींनी डबा उघडला, आमटी आणि एक भाकरी खाल्ली, दुसरी भाकरी फडक्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवली. रात्रीला, म्हणाल्या. आदल्या दिवशीचा डबा घासूनपुसून दिला तर त्यात मूठभर चिंच होती, रामाच्या स्वयंपाकाला. पुढच्या तीन घरांतही एक भाकरी रात्रीसाठी बाजूला निघताना पाहिली. एका डब्यावर दोन वेळा काढणारी ही माणसे आहेत. शिध्याचे धान्य या कामी येते म्हणूनच ४८ रुपयांत भागते.

उत्सवाची वर्गणी वर्षात आली नाही तर उत्सवाचा खर्चही येत नाही. पण भूक तिथी पाहून येत नाही, म्हणून डब्याचा खर्च उत्सवाच्या उत्पन्नावर टांगून ठेवू नये. डबा, विद्यार्थी आणि वैद्यकीय मदत मिळून सहा लाख एकसष्ट हजार होतात. चालू वर्षी हे प्रमाण उत्पन्नाच्या तेरा टक्के होते, आता साडेबावीस होईल. रामनवमी नसलेल्या वर्षात प्रमाण मोठे दिसणारच, म्हणून टक्केवारीचा मोठेपणा मिरवायचा नाही. रक्कम मात्र खाली येऊ द्यायची नाही. २०२७-२८ मध्ये उत्सवाचा ताण येईल तेव्हाही याला हात लागू नये, असे मला मनापासून वाटते.

नव्या दगडी कमानीची मागणी या अंदाजपत्रकात घेतलेली नाही. तरुण मंडळींची इच्छा मी समजतो. कमानीसाठी स्वतंत्र पावतीपुस्तक काढावे आणि तो निधी वेगळा जमा करावा. पेटीतला पैसा तिकडे वळवू नये.

सभेने पुढील ठराव संमत करावेत ही विनंती :

ठराव १. सन २०२६-२७ चे जमा २९,३०,००० रुपये, खर्च २७,३९,००० रुपये आणि शिल्लक १,९१,००० रुपयांचे अंदाजपत्रक मंजूर करून ते विहित नमुन्यात धर्मादाय कार्यालयात २७ फेब्रुवारीपर्यंत दाखल करावे.

ठराव २. रामनवमी राखीव निधी अनुसूचित बँकेत वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावा. १ मार्च २०२७ पूर्वी तो मोडू नये आणि दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरू नये.

ठराव ३. डबा योजनेत सहा नवी नावे पाडव्यापासून, म्हणजे १९ मार्च २०२६ पासून घ्यावीत. मार्चअखेरच्या तेरा दिवसांचा ३,७४४ रुपयांचा खर्च चालू वर्षाच्या अन्नदान देणगीतून करावा.

खजिनदार,
श्रीराम मंदिर देवस्थान