शब्द सरकवणारे यंत्र : सराव संच

सूचना : एक यंत्र शब्दांची रांग घेते आणि एका ठरावीक नियमाने दर पायरीला एकच शब्द हलवते. आधीच आपल्या जागी बसलेल्या शब्दावर पायरी खर्च होत नाही. नियम नमुन्यातून शोधा.

नमुना
इनपुट : वारा नदी समई कमळ दगड मासा
पायरी १ : कमळ वारा नदी समई दगड मासा
पायरी २ : कमळ वारा नदी दगड मासा समई
पायरी ३ : कमळ दगड वारा नदी मासा समई
पायरी ४ : कमळ दगड नदी मासा वारा समई
पायरी ४ ही शेवटची.

प्रश्न १ व २ साठी इनपुट : पतंग घर ससा आरसा रस्ता बोट चटई

१. पायरी ४ मध्ये बरोबर मधला शब्द कोणता?
(अ) रस्ता (ब) पतंग (क) बोट (ड) चटई

२. शेवटची पायरी कितवी?
(अ) ४ (ब) ५ (क) ६ (ड) ७

प्रश्न ३ व ४ साठी, दुसऱ्या एका इनपुटची पायरी २ : ऊस लाट गवत टोपी झाड हळद

३. मूळ इनपुट कोणते?
(अ) लाट ऊस गवत हळद टोपी झाड
(ब) हळद लाट गवत टोपी ऊस झाड
(क) लाट टोपी गवत ऊस झाड हळद
(ड) नक्की सांगता येणार नाही

४. अजून किती पायऱ्या लागतील?
(अ) १ (ब) २ (क) ३ (ड) ४

५. इनपुट : गाव वही ढोल तारा पान हार. एकूण किती पायऱ्या?
(अ) २ (ब) ३ (क) ४ (ड) ५

उत्तरे : १-क, २-ब, ३-ड, ४-क, ५-अ

स्पष्टीकरण

नियम : उरलेल्या शब्दांतला वर्णमालेत सर्वांत आधीचा शब्द डावीकडे, पुढच्या पायरीला सर्वांत शेवटचा उजवीकडे, असे आळीपाळीने. पायरी १ पाहूनच 'सगळे शब्द डावीकडून लागतात' असे धरू नका. पायरी २ मध्ये समई उजव्या टोकाला गेली, तिथे खरा नियम उघड होतो.

१, २ : पायरी ४ - आरसा घर पतंग बोट चटई रस्ता ससा. पायरी ५ मध्ये चटई तिसऱ्या जागी येते आणि रांग लागते.

३ : इथे सर्वाधिक गुण जातात. (अ) चालवून पाहा, पायरी २ तंतोतंत जुळते, आणि घाईत तेच उत्तर लिहिले जाते. पण (ब) चालवले तरी तीच रांग मिळते! ऊस आणि हळद टोकांना जाण्याआधी कुठे होते, याचा माग पायरी २ मध्ये उरतच नाही. पुढे जाण्याचा मार्ग एकच असतो, मागे जाण्याचे अनेक. म्हणून उलट प्रश्नात पहिला जुळणारा पर्याय सापडला की थांबायचे नाही.

४ : गवत दुसऱ्या जागी, लाट पाचव्या, झाड तिसऱ्या.

५ : गाव आणि हार आधीच आपापल्या टोकाला आहेत, म्हणून दोन्ही पाळ्या फुकट जातात. मग ढोल दुसऱ्या जागी येतो, वही पाचव्या. तारा आणि पान आपोआप ओळीत येतात.