पत्रलेखन : घरच्या गणेशोत्सवाचे वर्णन करणारे चुलत बहिणीस पत्र

ऋतुजा परब
परबवाडी, मु. नेरूर,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
दि. ४ सप्टेंबर २०२५

प्रति,
कु. तन्वी परब
मांजलपूर, बडोदा

प्रिय तन्वी,
सप्रेम नमस्कार.

काकीचा पाय कसा आहे? प्लास्टर कधी निघणार? आजी दिवसातून दहादा विचारते, म्हणून आधी हेच विचारून घेतलं. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली खरी, पण आपल्या घरातली रेंज तुला माहीत आहे. अर्धी आरती तू थिजलेल्या चित्राचीच पाहिली असशील. तेव्हा म्हणालीस ना, "फोटो नकोत, सगळं नीट लिहून कळव"? परवा गणपती गेले, कालचा दिवस भांडी घासण्यात आणि झोपण्यात गेला, आणि आज लिहायला बसले आहे.

तुम्ही नसल्याचा पहिला प्रश्न आला तो गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीचा. दरवर्षी माटवीचं सामान आणायला काका रानात जातात आणि आपण नुसत्या मागून पिशव्या धरून चालतो. यंदा काका नाहीत, बाबांना कामावरून सुट्टी चतुर्थीच्या दिवसापुरतीच, आणि आजोबांचे गुडघे चढण चढू देत नाहीत. चतुर्थी २७ ऑगस्टला बुधवारी होती. आदल्या दिवशी, हरतालिकेला, आजोबांनी सकाळीच सोहमला आणि मला ओटीवर बसवलं आणि यादी सांगायला सुरुवात केली. यादी लिहून घ्यायची नाही, तोंडपाठ करायची, ही त्यांची अट. कांगणीचे घोस, शेरवडाची पांढरी पानं, हरणाची पिवळी फुलं, तेरडा, कवंडळं, आंब्याचे टाळे आणि बांधायला केवणीची साल. कळलावीचं फूल दिसलं तर आणा, पण घरात कुणाच्या हातात देऊ नका, नाहीतर भांडणं लागतात, हेही बजावलं. (सोहमने ते आणून मुद्दाम माझ्याच हातात दिलं. भांडण अर्थातच झालं.)

डोंगराच्या पायथ्यापर्यंत आजोबा काठी टेकत आले आणि बांधावर बसले. आम्ही वर जायचं, एकेक डहाळी आणून त्यांना दाखवायची, ते नाव सांगणार. तन्वी, इतकी वर्षं आपण माटवीखाली उभ्या राहून आरती म्हटली, पण वर काय टांगलंय ते मला धड ठाऊक नव्हतं! शेरवडाचं जे पांढरं पान आपण फूल समजायचो ते फूल नाहीच. फूल म्हणजे त्याच्या मधोमध असलेली ती चिमुकली केशरी चांदणी. कांगणीच्या फळांतून तेल निघतं आणि ते सांधेदुखीवर चोळतात, हे सांगताना आजोबांनी आपल्या गुडघ्याकडे असं काही पाहिलं की आम्हाला हसू आवरेना. केवणीची साल सोलून तिचा दोर कसा वळायचा तेही त्यांनी तिथेच शिकवलं. माझा दोर ओबडधोबड झाला, पण नारळाच्या जोडीचं वजन त्याने पेललं.

कवंडळं मात्र मिळेनात. माटवीतली ती लालभडक गोल फळं तुला आठवत असतील. पूर्वी त्या उतारावर कुंपणाकुंपणाला त्यांचे वेल असायचे म्हणे. आता तिथली झाडी तोडून काजू लावला आहे, आणि काजूच्या बागेत दरवर्षी साफसफाई होते, त्यात वेल टिकत नाहीत. शेवटी दुपारी बाबा कुडाळच्या बाजारातून कवंडळं घेऊन आले. चतुर्थीच्या आधीच्या दोन दिवसांत तिथे माटवीच्या सामानाचा वेगळा बाजारच भरतो. रस्त्याच्या कडेला बायका गोणपाट पसरून घोस, फुलं, वेल घेऊन बसतात. माटवीचं सामान विकत आणायचं हे आजोबांना पटत नाही, ते बराच वेळ गप्प होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या बायका पहाटे उठून लांबच्या रानातून हे सगळं गोळा करतात. रान ओळखणारी माणसं आता तीच उरली आहेत, त्यांना चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठे?

संध्याकाळी माटवी सजली. आपल्या परसातलं तवसं, दोडकी, पडवळ, निरफणस, पोफळीचं शिपटं, केळ्यांचा घड आणि रानातलं सगळं त्या लाकडी चौकटीला बांधलं. आईने दोर ओढून पाहिले आणि मगच खाली पाट मांडू दिला. मागची भिंत यंदा सोहमने रंगवली. त्यात मोर आहे असं तो म्हणतो.

मूर्ती त्याच संध्याकाळी मूर्तिकाराच्या शाळेतून आणली. तुझ्या बडोद्याच्या मैत्रिणींना 'गणपतीची शाळा' म्हटलं की वर्गच डोळ्यांपुढे येतो, असं तू सांगितलं होतंस. त्यांना सांग, ही शाळा भरते ती पावसाळ्यात, पट असतो पाटांचा, आणि सगळे विद्यार्थी एकाच दिवशी घरी जातात! आपला पाट नेहमीसारखा नागपंचमीला देऊन ठेवला होता. मूर्ती मातीचीच, उंचीही दरवर्षीचीच. बाबांनी ती डोक्यावर घेतली, मी मागून छत्री धरली, आणि पाऊस असा कोसळला की गणपती कोरडे आणि आम्ही दोघं चिंब.

चतुर्थीच्या दिवशी भटजी सकाळी दहाला येतो म्हणाले आणि एकला आले. वाडीत सगळ्यांचे भटजी तेच, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. तोवर आई आणि आजीचे उकडीचे मोदक झाले होते. पातोळ्यांसाठी हळदीची पानं मी काढली. काकीच्या हातची नाजूक मुरड यंदा एकाही मोदकाला नव्हती, हे आजीने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. आईला राग आला नाही, कारण तिचंही मत तेच होतं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी झाली. ती मला आवडत नाही, तुलाही आवडत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

नैवेद्य दाखवल्यावर आजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. हे मी तुझ्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. "बा देवा म्हाराजा, आज जी काय आमी लेकरांनी तुझी सेवा केली, ती गोड मानून घे. बडोद्याक जी आमची सून पाय मोडून बसली हा, तिचो पाय बरो कर, आनि फुडल्या चवतीक सगळ्यांका हयसर घेवन ये, म्हाराजा!" आम्ही सगळे मिळून ओरडलो, "व्हय म्हाराजा!" काकीला हे शब्द असेच वाचून दाखव.

रात्रीच्या भजनांबद्दल काय लिहू? वाडीतल्या प्रत्येक घरी बारी फिरते. आपल्याकडे ती तिसऱ्या रात्री आली. पखवाज, पेटी, टाळ, चकवा, आणि ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी पहिल्या अभंगाला अवघडल्यासारखे बसतात आणि गजर लागला की तेच सगळ्यांत पुढे उभे! शेजारचे एक आजोबा एरवी काठीशिवाय चालत नाहीत, त्यांनी गजराला काठी कोपऱ्यात ठेवली आणि टाळ हातात घेतले. भजन संपायला दीड वाजला. त्यानंतर काळ्या वाटाण्यांची उसळ, पाव आणि चहा. दुसऱ्या दिवशी शाळा असती तर मी गेलेच नसते.

आपल्या पुस्तकात सार्वजनिक गणेशोत्सवावर धडे असतात, यंदा जुलैमध्ये सरकारने त्याला राज्य महोत्सव म्हणूनही जाहीर केलं. पण आपल्याकडे मंडप-मंडळं थोडकीच. इथे गणपती घराचा असतो, आणि घर बंद असलं तरी त्यासाठी कुलूप उघडलं जातं. आपल्या वरच्या वाडीतलं ते बंद घर आठवतं? त्यांच्याकडची माणसं यंदाही आली. अंगणात गुडघाभर वाढलेलं गवत आधी काढलं, मग मूर्ती आत नेली.

रविवारी, ३१ तारखेला, गौरी आली. तेरड्याच्या रोपांची गौर आणायला आम्ही मुली पाणवठ्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी संदेशदादाच्या बायकोचा गौरीपुढे सुपं ओवाळायचा पहिला ओवसा होता. वहिनी पुण्यात वाढलेली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुपात पानं, फळं, भाज्या कशा मांडायच्या ते आजीने तिला दाखवलं, आणि ती मोबाइलवर चित्रीकरण करू लागली तेव्हा आजी दोन वेळा थांबून पदर सारखा करून पुन्हा बोलली. ओवसून झाल्यावर थोरामोठ्यांना सुपं देऊन वहिनी पाया पडली. आजीने तिला आपली जुनी मोत्यांची नथ दिली. होय, तीच, जिच्यावर तुझा डोळा होता! मी लगेच तुझ्या वतीने निषेध नोंदवला. आजी म्हणाली, "तन्वीक पाटल्यो आसत." म्हणजे तुझा सौदा फायद्याचाच झाला, माझं काय, ते कुणी बोलत नाही.

रात्री फुगड्या झाल्या. तू नसल्यामुळे माझी जोडीदार वहिनी. तिला फुगडी येत नव्हती, अर्ध्या तासात इतकी आली की मलाच चक्कर आली.

मंगळवारी, २ सप्टेंबरला, गौरी-गणपती एकत्र व्हाळावर नेले. व्हाळाला पाणी चिकार होतं, त्यामुळे मुलांना काठावरच थांबवलं. माटवीतली फळं वाटून घेतली. तवसं आम्ही तुमच्या नावाने बाजूला काढलं होतं, पण ते बडोद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून खाऊन टाकलं. खडखडे लाडू, करंज्या आणि काकांसाठी काजू आजच पार्सलने पाठवले आहेत. करंज्या वर आहेत, डबा आडवा करू नकोस.

आता कामाचं बोलते. पुढच्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैच्या मध्यावर काकांना सकाळी आठच्या आधीच संगणकासमोर बसव. काकांना हेही सांग की माटवीला बाजारातली कवंडळं लावावी लागली. आजोबांनी बी काढून राखेत घोळून ठेवलं आहे. पावसाच्या तोंडावर कुंपणाला वेल चढवायचा त्यांचा बेत आहे, आणि खड्डे खणायचं काम सोहमच्या आणि माझ्या गळ्यात आलं आहे.

काका-काकींना माझा नमस्कार. तुझ्या सहामाहीचं वेळापत्रक कळव, दिवाळीत येता येतं का तेही विचारून ठेव.

तुझीच,
ऋतुजा