प्रवेशद्वाराजवळ गाडी लावण्यासाठी राखीव जागा मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग

विषय: चालण्यातील अपंगत्वामुळे मुख्य प्रवेशद्वाराजवळ पार्किंगची कायमस्वरूपी जागा मिळण्याबाबत विनंती

महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी लेखा विभागात वरिष्ठ लेखापाल म्हणून काम करते. आपल्या इमारतीच्या मुख्य दारासमोर गाड्यांच्या सहा जागा आहेत. त्यांपैकी एक माझ्या गाडीसाठी कायमची राखून ठेवावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सध्या मी इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे मागच्या पार्किंगमध्ये गाडी लावते. तिथून दारापर्यंत अंदाजे अडीचशे मीटर चालावे लागते. त्यात जनरेटरच्या खोलीजवळचा चढ आहे आणि पुढे खडी टाकलेला पट्टा आहे.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, हे आपल्याला ठाऊक आहेच. मी कॅलिपर लावते आणि उजव्या हातात कुबडी घेते. इथे नोकरीला लागल्यापासून मी याच पार्किंगमधून चालत येत होते आणि कधी तक्रार केली नाही. मग आताच जागा का मागते आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल. म्हणून आधी त्याचे उत्तर देते.

गेल्या दोन वर्षांत माझी चालण्याची ताकद कमी होत गेली आहे. आधी जिने चढताना जाणवायचे, आता सपाट जमिनीवरही जाणवते. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी पोस्ट-पोलिओ सिंड्रोमचे निदान केले. पोलिओ झालेल्या बऱ्याच जणांना काही दशकांनी हा त्रास सुरू होतो. विषाणू परत येत नाही आणि या आजाराचा संसर्गही होत नाही. मूळ आजारात मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या काही चेतापेशी मरतात. उरलेल्या पेशी नव्या शाखा फोडून अनाथ झालेल्या स्नायुतंतूंचा भार उचलतात. चार जणांचे काम एकाच माणसाने वर्षानुवर्षे ओढावे, तसे हे चालते, आणि शेवटी त्या पेशीही थकतात. मग नवा अशक्तपणा येतो, सांधे आणि स्नायू दुखतात, आणि रात्रभर झोपूनही न जाणारा थकवा येतो. माझ्या बाबतीत तर ज्याला मी आजवर ‘चांगला पाय’ म्हणत आले, तो उजवा पायही आता कुरकुरतो. इतकी वर्षे दोघांचे वजन त्यानेच पेलले आहे.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. डॉक्टरांचा मुख्य सल्ला आहे तो शक्ती राखून वापरण्याचा. हा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण ‘रोज थोडे चालले तर पाय मोकळा होईल’ असे मला अनेकांनी आपुलकीने सुचवले आहे. मोजका, डॉक्टरांनी आखून दिलेला व्यायाम मी करते. पण थकलेल्या स्नायूंना त्यापलीकडे ताणले तर ताकद वाढत नाही, उलट घटते. पार्किंग ते दार या चालण्यात जी ताकद जाते ती दिवसभरासाठी गेलेली असते. मग कॅशियरच्या काउंटरपर्यंत जाणे, रेकॉर्ड रूममधून फाइल आणणे, ऑडिटरांसोबत वरच्या मजल्यावर बसणे यांसाठी ती उरत नाही. सध्या मी सकाळी जागेवर पोहोचते तेव्हा बराच वेळ फक्त बसून राहावे लागते. संध्याकाळी परत गाडीपर्यंत जाताना मधल्या कठड्याला टेकून थांबावे लागते. पावसात खडीचा पट्टा ओला झाला की कुबडीचे रबरी टोक सरकते, आणि कॅलिपर लावलेल्या पायाला तोल सावरता येत नाही. मी पडले तर दुखापत माझी होईल, पण त्यानंतरच्या दीर्घ रजेचा ताण विभागावरही येईल.

दाराजवळची कोणतीही जागा चालेल असे मात्र नाही. याचे कारण मी गाडीतून कशी उतरते हे पाहिले की लगेच लक्षात येते. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे चालवायला अडचण नाही. उतरताना मी दार पूर्ण उघडते, सीटवरच बाहेरच्या बाजूला वळते आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवते. मग गुडघा हाताने दाबून सरळ करते. तो सरळ झाला की कॅलिपरच्या दोन्ही बाजूंच्या कड्या खाली सरकतात आणि गुडघा लॉक होतो. तो लॉक झाल्याशिवाय मला उभे राहता येत नाही. लॉक झाल्यावर कुबडी टेकवून, दाराच्या चौकटीला धरून मी उठते. शेजारची गाडी दीड हातावर उभी असेल तर यातले काहीच होत नाही. गाडीत बसून शेजारच्या गाडीचा मालक शोधायला सुरक्षारक्षकाला फोन करावा लागतो. हे प्रत्यक्षात घडते.

म्हणून अपंगांसाठीच्या जागेची नेहमीची 3.6 मीटर रुंदी इथे आवश्यक आहे: गाडीसाठी 2.4 मीटर आणि उतरण्यासाठी बाजूला 1.2 मीटर मोकळा पट्टा. जमीन सपाट असावी, कारण उतारावर दार आपोआप मिटू लागते आणि मला ते एका हाताने धरून ठेवता येत नाही. जागेपासून दारापर्यंत पायरी किंवा उंच कड नसावी.

मी सहाही जागा पाहिल्या. दाराकडून पहिली जागा खांबाला लागून आहे, तिथे ड्रायव्हरच्या बाजूचे दार अडते. दुसरी जागा मला योग्य वाटते. ती सध्या पाहुण्यांसाठी आहे. तिच्या उजवीकडे फुलझाडांच्या कुंड्यांची रांग आहे. त्या कुंड्या भिंतीकडे सरकवल्या तर हवा तेवढा पट्टा मिळतो, म्हणजे शेजारची जागा खर्ची पडत नाही. समोरच रॅम्प आहे. नवे बांधकाम काहीही लागत नाही: रंगाचे पट्टे, जमिनीवर व्हीलचेअरचे चिन्ह आणि एक उभा फलक पुरेसा आहे. फलकावर माझे नाव लिहू नये. उद्या अशीच गरज असलेला दुसरा कर्मचारी किंवा पाहुणा आला आणि मी रजेवर असले तर त्यालाही ती जागा वापरता यावी.

यावर तोंडी सुचवले गेलेले दोन-तीन पर्याय मी गांभीर्याने विचारात घेतले आहेत. लवकर येऊन समोरची जागा धरावी, हा एक. त्या जागा पाहुण्यांच्या आणि संचालकांच्या म्हणून राखीव असल्याने मला तिथून गाडी काढायला सांगितले जाते. शिवाय दुपारी बँकेत जाऊन परतले तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. दुसरा पर्याय म्हणजे सुरक्षारक्षकाने दारातून गाडी नेऊन लावावी आणि संध्याकाळी आणून द्यावी. त्यांची मदत करण्याची तयारी मोठी आहे आणि मी त्यांची ऋणी आहे. पण गेटवर एकच जण असतो. तो गाडी आणेपर्यंत मला उभे राहावे लागते, आणि उभे राहणे मला चालण्याइतकेच जड जाते. तिसरा पर्याय घरून काम करण्याचा. महिनाअखेरीचे काही काम मी घरून नक्की करू शकेन. पण मूळ व्हाउचर, सह्या आणि रोख पडताळणी इथेच होते, आणि मला माझे काम सर्वांसोबत, माझ्या टेबलावर बसून करायचे आहे. पार्किंगची अडचण पार्किंगमध्येच सुटत असेल तर त्यासाठी मी ऑफिसबाहेर जावे, हे मला पटत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने 2006 मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे 27वे कलम कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी पुरवल्या जाव्यात असे सांगते. संस्थेवर अवाजवी बोजा न टाकणारे आवश्यक बदल, असा त्यांचा अर्थ त्याच कराराच्या दुसऱ्या कलमात दिला आहे, आणि अशी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. माझी मागणी मी याच चौकटीत मांडते आहे. ही मेहेरबानी म्हणून मिळावी अशी माझी अपेक्षा नाही. माझे काम मला नीट करता यावे, यासाठी ती सोय हवी आहे.

जागा एकदा ठरली तरी ती रोज मोकळी राहणे महत्त्वाचे आहे. कुरिअरची गाडी, कुणाला सोडायला आलेली गाडी ‘पाचच मिनिटे’ म्हणून अशा जागेवरच उभी राहते. तेवढ्या वेळात मी पोहोचले तर मला रस्त्यात थांबण्यावाचून इलाज नसतो. म्हणून गेटवरच्या तिन्ही पाळ्यांच्या सुरक्षारक्षकांना लेखी सूचना द्यावी, आणि तिथे दुसरी गाडी आढळली तर ती हलवण्याची जबाबदारी कुणाची हे त्यात स्पष्ट असावे. दर वेळी वाद घालण्याचे काम माझ्यावर येऊ नये.

आणखी एक. माझे निदान मी या पत्रात उघडपणे लिहिले आहे, कारण निर्णय घेताना आपल्याला त्याची गरज आहे. ते आपल्यापुरते राहावे. सुरक्षारक्षकांना आणि सहकाऱ्यांना ‘ही जागा राखीव आहे’ एवढे सांगितले तरी पुरे. काही दिवस मी बरी दिसते, कुबडीवर फारसा भार न देता चालते. त्या दिवशीही जागेची गरज असते, कारण आजची उधळपट्टी उद्याच्या दिवसावर येते. हे दिसत नसल्यामुळे कुणी प्रश्न विचारले तर उत्तर विभागाकडून जावे, ही विनंती.

रंगकाम आणि फलक होईपर्यंत येत्या सोमवारपासून त्या जागेवर दोन शंकू ठेवून ती मोकळी ठेवली तर मला लगेच दिलासा मिळेल. कुंड्या हलवण्याबद्दल मी देखभाल विभागाशी बोलले आहे. आपली परवानगी असल्यास ते अर्ध्या दिवसात काम करू शकतील, असे त्यांनी सांगितले. सहा महिन्यांनी या सोयीचा आढावा घ्यायचा असल्यास माझी हरकत नाही. मात्र डॉक्टरांच्या मते ही स्थिती सुधारणारी नाही, त्यामुळे दर वेळी नवे प्रमाणपत्र मागितले जाऊ नये.

आपण या आठवड्यात पंधरा मिनिटे दिलीत तर आपण दोघी आणि देखभाल विभागाचे प्रमुख असे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहू शकू. मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी अकरानंतर मला सोयीचे आहे. तिथे बसायला एक खुर्ची ठेवायला सांगावी. काही कारणाने दुसऱ्या क्रमांकाची जागा देणे शक्य नसेल तर कृपया ते कारण आणि आपला पर्याय लेखी कळवावा, म्हणजे त्यावर बोलता येईल.

सोबत डॉक्टरांचे पत्र, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि सहाही जागांचे मापांसहित फोटो जोडले आहेत.

आपली विश्वासू,
माधवी
वरिष्ठ लेखापाल, लेखा विभाग