ग्राहकाचा नंबर फक्त चालू ऑर्डरपुरता: रायडर, काउंटर आणि हॉटेलांसाठी नियम

लागू: १ ऑगस्टपासून. लातुरातल्या आपल्या डबा-पार्सल सेवेची औसा रोड आणि गंजगोलाई ही दोन्ही काउंटरं, सर्व ३८ रायडर, शिफ्ट प्रमुख, अ‍ॅप सांभाळणारे आणि आपल्याशी जोडलेली हॉटेलं व मेस या सगळ्यांसाठी.

आपल्या ऑर्डरींचा मोठा भाग ट्युशन एरियातून येतो. मागवणारी मुलं-मुली सतरा-अठरा वर्षांची, आईवडील गावाकडे, इथं राहायला हॉस्टेल नाहीतर भाड्याची खोली. त्यांचा नंबर, खोलीचा पत्ता आणि जेवायची वेळ या तिन्ही गोष्टी आपल्याकडं जमा होतात. हा नंबर त्यांनी डबा मिळावा म्हणून दिलेला असतो, ओळख वाढवायला नव्हे. डबा हातात पडला की नंबराचं काम संपलं. खालचा प्रत्येक नियम या एका गोष्टीतून आला आहे.

ऑर्डर ‘चालू’ कधी म्हणायची

रायडरनं हॉटेलात पार्सल ताब्यात घेऊन अ‍ॅपमध्ये ‘पार्सल उचललं’ दाबलं की ऑर्डर चालू झाली. ऑर्डर नुसती स्वीकारल्यावर संपर्काचं बटण उघडणार नाही. कारण सरळ आहे: स्वीकारायची, नंबर बघायचा आणि रद्द करायची, ही वाट उघडी ठेवली तर पार्सल न नेताही कुणालाही कितीही नंबर काढता येतात. शिवाय स्वीकारलेली ऑर्डर बऱ्याचदा दुसऱ्या रायडरकडं वळते, म्हणजे एका डब्यासाठी दोघांच्या हाती नंबर जातो. हॉटेलात उशीर होत असेल तर ते ग्राहकाला काउंटर कळवेल, रायडर नाही.

ग्राहकानं सांगितलेला चार आकडी कोड टाकून ‘पोहोचवलं’ दाबलं की ऑर्डर संपते, पण संपर्क आणखी १० मिनिटं उघडा राहतो. सुटे पैसे राहिले, ताकाची पिशवी गाडीच्या डिकीतच राहिली, पार्सल शेजारच्या खोलीत गेलं, हे सगळं या १० मिनिटांतच लक्षात येतं. त्यानंतर काही निघालं तर ग्राहक काउंटरला फोन करेल आणि काउंटर रायडरला.

रद्द झालेल्या ऑर्डरला ही १० मिनिटंही नाहीत. रद्द होताच संपर्क बंद. ‘का रद्द केली?’ हे ग्राहकाला विचारायचा अधिकार रायडरला नाही.

पार्सल उचलल्यापासून ९० मिनिटांत ‘पोहोचवलं’ झालं नाही तर संपर्क आपोआप बंद होईल. ही मर्यादा नसेल तर बटण दाबायचं विसरलेली ऑर्डर रात्रभर चालू राहते. गाडी पंक्चर झाली, पावसात रस्ता तुंबला, अशा वेळी शिफ्ट प्रमुख कारण लिहून ३०-३० मिनिटं वाढवू शकतो, जास्तीत जास्त दोनदा. वाटेत रायडर बदलला तर पहिल्याचा संपर्क आधी बंद होईल, मगच दुसऱ्याचा उघडेल.

महिन्याच्या डब्यांचा इथं घोळ होतो. महिनाभर तोच रायडर, तीच खोली. त्यामुळं नंबर सेव्ह करून ठेवणं सोयीचं वाटतं. पण महिन्याचा डबा म्हणजे महिनाभर चालू असलेली एक ऑर्डर नव्हे. रोजच्या प्रत्येक वेळेची ऑर्डर वेगळी निघेल, वेगळी उघडेल आणि वेगळी बंद होईल.

फोन कसा जोडला जातो

ग्राहकाचे खरे दहा आकडे रायडरला कोणत्याही टप्प्यावर दिसणार नाहीत. त्याला दिसेल तो जोडनंबर. रायडर त्यावर फोन करतो, यंत्रणा त्याचा नोंदवलेला नंबर ओळखते, त्याची चालू ऑर्डर शोधते आणि ग्राहकाला फोन लावून दोघांना जोडते. दोघांच्याही मोबाइलवर जोडनंबरच उमटतो. म्हणजे रायडरचा नंबरही ग्राहकाकडं जात नाही. रात्री अकराला ‘उद्या येताना अमुक घेऊन ये’ असे फोन रायडरांनाही येतात; ते यानं थांबतील.

नेहमी अडणाऱ्या चार जागा:

१. दोन सिमचा फोन. नोंदवलेलं सिम सोडून दुसऱ्यावरून फोन लागला तर ‘चालू ऑर्डर सापडली नाही’ असं ऐकू येतं. फोनच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी नोंदवलेलंच सिम ठरवून ठेवा. सिम बदललं तर शिफ्ट सुरू होण्याआधी काउंटरला सांगा.

२. एकाच फेरीत तीन-चार पार्सलं. थेट डायल केलं तर यातल्या भलत्याच ग्राहकाला फोन लागू शकतो. म्हणून फोन नेहमी त्या त्या ऑर्डरच्या पानावरच्या बटणानंच करायचा. प्रत्येक ऑर्डरला वेगळा जोडनंबर असतो. कॉल लॉगमधून परत डायल करू नका. तोच जोडनंबर तासाभरानं दुसऱ्या ऑर्डरला गेलेला असू शकतो.

३. ग्राहक अनोळखी नंबर उचलत नाही. मुलींना तसं घरूनच बजावलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. म्हणून पार्सल उचलताच ग्राहकाला एसएमएस जातो: रायडरचं पहिलं नाव, ऑर्डरचे शेवटचे चार आकडे आणि फोन कोणत्या नंबरवरून येईल ते. हा मजकूर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या एसएमएस नोंदणी यंत्रणेत नोंदवलेला आहे. काउंटरनं त्यात आपल्या मनानं एक शब्दही बदलू नये, बदलला तर एसएमएस अडकतो. दोनदा फोन लावूनही उचलला नाही तर तिसरा फोन काउंटर करेल.

४. जोडणी बंद पडणं. रायडरनं काउंटरला फोन करायचा. काउंटर आपल्या फोनवरून ग्राहकाला कॉन्फरन्समध्ये घेईल. बोलणं संपेपर्यंत काउंटरनं लाइनवर राहायचं. ‘लिहून घे नंबर’ हे कितीही घाई असली तरी चालणार नाही. गर्दीच्या वेळी नेमकं हेच होतं, आणि एकदा सांगितलेला नंबर परत घेता येत नाही.

जोडणीच्या फोनचा खर्च सेवेचा. रायडरच्या हिशेबातून एक रुपयाही कापला जाणार नाही.

नंबर मागच्या दारानं कुठून जातो

पडद्यावर नंबर झाकला म्हणजे काम झालं, असं अ‍ॅप सांभाळणाऱ्यांनी समजू नये. सर्व्हरनं पाठवलेल्या माहितीत खरा नंबर असेल तर जाणकार माणूस तो काढतोच. तो फोनपर्यंत जाताच कामा नये. संपर्कासाठी रायडरच्या अ‍ॅपला फक्त एवढंच मिळेल:

```sql
SELECT s.order_id, s.virtual_number
FROM call_sessions s
WHERE s.rider_id = :rider_id
  AND s.closed_at IS NULL
  AND s.expires_at > NOW();
```

मुदत सर्व्हरच्या घड्याळावर मोजायची. रायडरच्या फोनची वेळ मागं करता येते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डर टाकणं कायमचं बंद. ग्रुपवर पडलेला नंबर सगळ्या रायडरांच्या फोनमध्ये जातो, त्यांच्या बॅकअपमध्ये जातो, आणि काम सोडून गेलेल्यांकडंही राहतो. जुना ग्रुप बंद करताना आपण मेसेज पुसले तरी भागत नाही, सगळ्यांसाठी पुसण्याची मुदत केव्हाच गेलेली असते. म्हणून ३१ जुलैपर्यंत प्रत्येक रायडरनं शिफ्ट प्रमुखासमोर ग्रुप सोडून चॅट काढायचं, ग्राहकांचे सेव्ह केलेले नंबर काढायचे, आणि गॅलरीतले बिलांचे फोटो ट्रॅशसकट काढायचे. हे सगळं रायडरनं स्वतःच्या हातानं करायचं. शिफ्ट प्रमुखानं त्याचा फोन हातात घ्यायचा नाही. त्याचेही खाजगी फोटो त्यात असतात.

पार्सलवरची चिठ्ठी ही सर्वांत दुर्लक्षित जागा. हॉटेलांनी आपल्या पार्सलवर ग्राहकाचा नंबर छापू किंवा पेनानं लिहू नये. ऑर्डरचे शेवटचे चार आकडे आणि पहिलं नाव पुरेसं आहे. नंबर लिहिलेलं पार्सल आलं तर रायडरनं ते तिथंच खोडून घ्यावं आणि काउंटरला सांगावं. पार्सल ठेवल्याचा फोटो अ‍ॅपच्या कॅमेऱ्यानंच काढायचा, तो गॅलरीत जात नाही.

पैसे फक्त सेवेच्या क्यूआरवर. स्वतःच्या यूपीआयवर घेतले तर ग्राहकाचं पूर्ण नाव आणि बऱ्याचदा मोबाइल नंबरच असलेला यूपीआय आयडी रायडरच्या फोनमध्ये कायमचा राहतो. ग्राहकाकडं रोख नसेल आणि आपला क्यूआर चालत नसेल तर काउंटर पेमेंट लिंक पाठवेल.

पत्ता सापडत नसला की लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची सवय मोडावी लागेल. ‘पाण्याच्या टाकीमागं, निळं गेट, दुसरा मजला’ अशी खूण ग्राहकाकडून काउंटर एकदा नीट लिहून घेईल. लोकेशन ग्राहक काउंटरच्याच नंबरवर पाठवेल आणि काउंटर ते ऑर्डरला जोडेल. खुणा नीट नोंदवल्या तर निम्मे फोन करायचीच गरज पडणार नाही, म्हणून काउंटरनं यात आळस करू नये.

ग्राहकानं स्वतःहून ‘डायरेक्ट याच नंबरवर करा’ म्हणून नंबर दिला तर? नम्रपणे सांगा, ‘ताई, अ‍ॅपमधूनच लागतो फोन.’ दिलेला नंबर सेव्ह करायचा नाही, त्यावर मेसेज टाकायचा नाही. चांगलं रेटिंग मागायलाही नाही, सणाच्या शुभेच्छा द्यायलाही नाही.

कोण काय बघू शकतो

खरा नंबर फक्त शिफ्टवरच्या काउंटर कर्मचाऱ्याला, तोही ऑर्डर उघडून ‘नंबर दाखवा’ दाबल्यावर आणि कारण निवडल्यावर. कोणी, कधी, कोणत्या ऑर्डरसाठी बघितला याची नोंद एक वर्ष राहील. दर सोमवारी शिफ्ट प्रमुख ती चाळेल आणि संपलेल्या ऑर्डरचा नंबर का उघडला ते विचारेल. जोडलेल्या फोनांचं बोलणं रेकॉर्ड होत नाही. वेळ, कालावधी आणि ऑर्डर एवढंच नोंदवलं जातं.

तक्रार आली तर

काउंटरनं ग्राहकाला ‘तुम्हीच नंबर दिला असेल’ असं म्हणायचं नाही. तक्रारीची वेळ, आलेला नंबर आणि स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि त्याच तासात शिफ्ट प्रमुखाला कळवायचं. संबंधित रायडरला त्या ग्राहकाच्या आणि त्या इमारतीच्या ऑर्डरी लगेच बंद.

४८ तासांच्या आत रायडरचं म्हणणं लेखी घेतलं जाईल आणि नोंदींशी ताडून बघितलं जाईल. ग्राहकानंच जोडनंबरवर परत फोन केला होता असंही निघू शकतं. चौकशीआधी कुणाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही. या ४८ तासांत त्याला काउंटरचं काम मिळेल आणि त्याचा दिवसाचा किमान मोबदला चालू राहील.

नंबर चुकून सेव्ह राहिला, चिठ्ठीचा फोटो काढला, अशा चुकीला पहिल्यांदा लेखी समज, दुसऱ्यांदा ७ दिवस काम बंद. ऑर्डर संपल्यावर वैयक्तिक कारणानं फोन किंवा मेसेज केल्याचं सिद्ध झालं, किंवा नंबर दुसऱ्याला दिला, तर काम कायमचं बंद. यात पहिली-दुसरी वेळ मोजली जाणार नाही. मुलीनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारदाराला पोलिसांत जायचं असेल तर सेवा नोंदी देईल, समजुतीनं मिटवायचा आग्रह धरणार नाही. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर काउंटरच्या भिंतीवर लावलेले असतील.

काम सोडणाऱ्या रायडरचं अ‍ॅपमधलं खातं शेवटची शिफ्ट संपल्यावर त्याच दिवशी बंद होईल. राहिलेला हिशेब खातं चालू ठेवून नव्हे, काउंटरवर बसून पूर्ण केला जाईल.