हक्कसोडपत्र

(वडिलोपार्जित शेतजमीन व गावठाणातील घर, विनामोबदला)

मुद्रांक शुल्क रु. 500/- ई-चलनाने भरले, चलनाची प्रत सोबत. नोंदणी फी व दस्त हाताळणी शुल्क वेगळे भरले आहे. हक्क सोडलेल्या हिश्श्याचे बाजारमूल्य रु. 10,20,000/-. मोबदला: निरंक.

आज दिनांक 12 जानेवारी 2026 रोजी मौजे पिंपळवाडी, ता. औसा, जि. लातूर येथील मिळकतीबाबत.

लिहून घेणार:
1) श्रीमती गयाबाई भ्र. नामदेव सूर्यवंशी, वय 72 वर्षे, धंदा घरकाम
2) बालाजी पि. नामदेव सूर्यवंशी, वय 52 वर्षे, धंदा शेती
3) व्यंकट पि. नामदेव सूर्यवंशी, वय 45 वर्षे, धंदा शेती
तिघेही रा. पिंपळवाडी, ता. औसा, जि. लातूर.

लिहून देणार:
सौ. सुनीता भ्र. दिलीप जाधव, माहेरचे नाव सुनीता पि. नामदेव सूर्यवंशी, वय 49 वर्षे, धंदा घरकाम व शेती, रा. जिंतूर, जि. परभणी.

कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसा जे की,

1. लिहून घेणार क्र. 1 या माझ्या सख्ख्या मातोश्री असून क्र. 2 व 3 हे माझे सख्खे भाऊ आहेत. आमचे वडील नामदेव पि. पांडुरंग सूर्यवंशी हे दिनांक 9 मार्च 2021 रोजी मयत झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. आम्हा चौघांशिवाय त्यांना दुसरा कोणीही वारस नाही. तलाठ्यांनी नोंदवलेल्या वारस फेरफार क्र. 1862 मध्ये आम्हा चौघांची नावे लागली असून तो फेरफार मंजूर आहे. माझे नाव आज सातबाऱ्यावर आहे, म्हणूनच मला ते या दस्ताने कमी करता येते.

2. खाली परिशिष्टात वर्णन केलेली शेतजमीन आमचे आजोबा पांडुरंग पि. रामजी सूर्यवंशी यांची असून 1954-55 च्या खासरा पत्रकात त्यांचे नाव आहे. आजोबा सन 1955 मध्ये, म्हणजे हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 रोजी लागू होण्यापूर्वी वारले. वडील त्यांचे एकुलते एक अपत्य. आजी सन 1979 मध्ये वारली. त्यामुळे ही जमीन वडिलांच्या हाती वडिलोपार्जित म्हणून आली. गावठाणातील घरही आजोबांच्याच वेळचे आहे. या मिळकतीची 20 डिसेंबर 2004 पूर्वी किंवा त्यानंतरही नोंदणीकृत वाटणी झालेली नाही, तसेच न्यायालयाचा वाटणीचा हुकूमनामाही नाही.

3. माझा हिस्सा 1/4 आहे. वडिलांच्या मृत्यूच्या लगत आधी वाटणी झाली असे धरल्यास वडील, मातोश्री, दोन भाऊ व मी अशा पाच जणांना प्रत्येकी 1/5 येतो. वडिलांचा 1/5 आम्हा चौघांत वाटल्यास प्रत्येकी 1/20 येतो. 1/5 अधिक 1/20 म्हणजे 1/4. सरळ चार वारसांत समान वाटणी केली तरी तेच उत्तर येते. मुलीला मुलाइतकाच हक्क असल्याची 2005 ची दुरुस्ती, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे हा सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निर्णय, दोन्ही मला वकिलांनी समजावून सांगितले आहेत. माझ्या हिश्श्याला सुमारे 3 एकर जमीन येते हे माहीत असून मी हक्क सोडत आहे.

4. परिशिष्टातील सर्व मिळकतीतील माझा 1/4 अविभक्त हिस्सा, त्यातील सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध मी लिहून घेणार क्र. 1 ते 3 यांचे लाभात कायमचा सोडून दिला आहे. हा हिस्सा तिघांना समान म्हणजे प्रत्येकी 1/12 मिळेल व पूर्वीच्या 1/4 सह प्रत्येकाचा हिस्सा 1/3 होईल. शेतजमिनीत म्हणजे प्रत्येकी 1 हेक्टर 60 आर. कोणाचा तुकडा कुठल्या बाजूला, हे या दस्ताने ठरत नाही. ती वाटणी लिहून घेणार यांनी पुढे आपसात करावयाची आहे. एकट्या भावाच्या नावे हक्क सोडण्याऐवजी सर्व सहहिस्सेदारांच्या नावे सोडण्याचे कारण असे की हक्कसोडीने मूळच्या सहहिस्सेदाराचाच हिस्सा वाढतो. ज्याचा मिळकतीत आधी हक्क नाही त्याला हा दस्त चालत नाही.

5. मी या हक्कसोडीपोटी रोख, चेक, दागिना, धान्य किंवा अन्य कसलाही मोबदला घेतलेला नाही व पुढे घेणार नाही. आमच्याकडच्या जुन्या कागदात “चोळीबांगडीच्या मोबदल्यात” असे लिहिण्याची रीत आहे. तसे या दस्तात मुद्दाम लिहिलेले नाही, कारण लिहिलेला शब्द मोबदला म्हणून वाचला जातो. सणावाराला येणेजाणे, साडीचोळी हा माहेरचा व्यवहार असून त्याचा या दस्ताशी संबंध नाही.

6. मुद्रांक शुल्काबाबत: महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 च्या अनुसूची 1 मधील अनुच्छेद 52 च्या पहिल्या खंडाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, मयत मुलाचा मुलगा वा मुलगी, वडील, आई, पती किंवा पत्नी यांच्या अथवा त्यांच्या कायदेशीर वारसांच्या लाभात सोडल्यास ठोक रु. 500/- शुल्क लागते. ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीपूर्वी ते रु. 200/- होते. मिळकतीची किंमत कितीही असली तरी रक्कम बदलत नाही. लिहून घेणार क्र. 1 आई व क्र. 2, 3 सख्खे भाऊ असल्याने हा दस्त त्याच खंडात बसतो. याच कारणास्तव भावांच्या पत्नींची नावे लिहून घेणारांत घातलेली नाहीत. भावजय त्या यादीत नाही, आणि यादीबाहेरची व्यक्ती आली की दुसऱ्या खंडाप्रमाणे सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर विक्रीखताच्या दराने शुल्क लागते. येथे ते रु. 10,20,000/- वर आकारले गेले असते. शुल्क कमी निघाल्यास दस्त पुराव्यात वाचता येत नाही व कमी रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती बसते, ही जाणीव उभय पक्षांना आहे. तूट निघाल्यास ती लिहून घेणार भरतील, माझ्यावर ती जबाबदारी नाही.

7. वडिलांनी सन 1998 मध्ये स्वतःच्या पैशाने लातूर येथे घेतलेला प्लॉट या दस्तात घेतलेला नाही. तो त्यांचा स्वकष्टार्जित आहे, आणि वरील सवलत कलमात “वडिलोपार्जित” हा शब्द आहे. दोन्ही मिळकती एकाच कागदात घालून साऱ्या दस्ताच्या शुल्काचा वाद ओढवून घेण्याचे कारण नाही. त्या प्लॉटबाबत पुढे दस्त करावयाचा झाल्यास आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून कलम 31 खाली शुल्क अभिनिर्णित करून घ्यावयाचे ठरले आहे. तोपर्यंत त्या प्लॉटमधील माझा हक्क जसाच्या तसा राहील.

8. सन 2021 मध्ये वारस नोंदीच्या वेळी मी 100 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर संमतीपत्र करून दिले होते. स्थावर मिळकतीतील हक्क अशा कागदाने सुटत नाही. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. ते संमतीपत्र रद्द समजावे व त्याचा आधार कोणीही घेऊ नये.

9. मी माझा हिस्सा यापूर्वी कोणालाही विक्री, गहाण, बक्षीस दिलेला नाही, करार केलेला नाही, जामीन म्हणून ठेवलेला नाही. सातबाऱ्यावर गावच्या सोसायटीचा रु. 1,40,000/- पीककर्जाचा बोजा आहे. तो लिहून घेणार क्र. 2 यांनी एकट्याने उचललेला असून त्याची फेड तेच करतील.

10. आजपासून या मिळकतीचे उत्पन्न, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, तसेच पुढे रस्ता, कालवा वा अन्य कामासाठी भूसंपादन झाल्यास त्याचा मावेजा यांवर माझा किंवा माझ्या मुलाबाळांचा हक्क राहणार नाही. मावेज्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जमिनीचे भाव वाढले की नेमका तिथेच तंटा उभा राहतो.

11. हा हिस्सा माझ्या एकटीच्या मालकीचा असल्याने पतीच्या संमतीची गरज नाही. तरीही त्यांना माहिती होती हे दिसावे म्हणून त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आहे. हा दस्त मला वाचून दाखवला. मी कसल्याही दबावाखाली नाही, नशापाणी केलेले नाही, माझी प्रकृती ठीक आहे. नोंदणीनंतर हा दस्त मला एकतर्फी रद्द करता येणार नाही, हे मला समजले आहे.

12. मिळकत औसा तालुक्यात असल्याने हा दस्त आजच दुय्यम निबंधक, औसा यांचेकडे नोंदणीस दाखल करण्यात येत आहे. नोंदणीनंतर सूची क्र. 2 च्या आधारे लिहून घेणार यांनी सातबाऱ्यावरील माझे नाव कमी करून घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 खालील नोटीस मला आल्यास माझी हरकत असणार नाही. घराच्या नमुना नंबर 8 साठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज करावा लागेल. सातबारा बदलला म्हणजे घराचा उतारा आपोआप बदलत नाही.

परिशिष्ट

अ) मौजे पिंपळवाडी, ता. औसा, जि. लातूर, भोगवटादार वर्ग-1.

गट क्र. 127, क्षेत्र 3 हेक्टर 20 आर, पैकी माझा हिस्सा 80 आर. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस गट क्र. 128, उत्तरेस गट क्र. 126. आतील सामाईक विहीर, 5 अश्वशक्तीची विद्युत मोटार व बांधावरची 3 आंब्याची झाडे यांतील माझ्या 1/4 हिश्श्यासह.

गट क्र. 214, क्षेत्र 1 हेक्टर 60 आर, पैकी माझा हिस्सा 40 आर. पूर्वेस गट क्र. 215, पश्चिमेस गट क्र. 213, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस गट क्र. 209. जिरायत, विहीर नाही.

दोन्ही गटांचे मिळून 4 हेक्टर 80 आर, बाजारमूल्य रु. 38,40,000/-, माझा हिस्सा 1 हेक्टर 20 आर, रु. 9,60,000/-.

ब) ग्रामपंचायत पिंपळवाडी मिळकत क्र. 312, पूर्व-पश्चिम 40 फूट, दक्षिण-उत्तर 30 फूट, दगडमातीचे माळवदाचे घर, पूर्वेस रस्ता. बाजारमूल्य रु. 2,40,000/-, माझा 1/4 हिस्सा रु. 60,000/-.

येणेप्रमाणे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने लिहून दिले असे.

लिहून देणार: सौ. सुनीता भ्र. दिलीप जाधव (सही, फोटो व डाव्या अंगठ्याचा ठसा)

लिहून घेणार:
1) श्रीमती गयाबाई भ्र. नामदेव सूर्यवंशी (डाव्या अंगठ्याची निशाणी, निशाणी व्यंकट पि. नामदेव यांनी समक्ष ओळखली)
2) बालाजी पि. नामदेव सूर्यवंशी (सही)
3) व्यंकट पि. नामदेव सूर्यवंशी (सही)

साक्षीदार:
1) दिलीप पि. माणिकराव जाधव, रा. जिंतूर (सही)
2) ज्ञानोबा पि. किशनराव कदम, रा. पिंपळवाडी (सही)